घरात मराठी बंद

सम्यकाला शाळेत हिंदी, इंग्रजी आणि संस्कृत होतं. मराठीचं लिहिणं-वाचणं तिच्या बापाने, संदीपने, उन्हाळ्याच्या सुट्टीत वरून लादलं. पुढेमागे नागपूरला शिकायला जाईल, तेव्हा नडायला नको, हा त्याचा हिशेब. बापांना पोराच्या पाठीवर ओझं टाकताना ते नेहमी हलकंच वाटतं. मध्य प्रदेशातल्या सौंसरच्या इंग्रजी शाळेत पोर तिसरीत गेली तरी यातल्या एकाही भाषेची ओळ तिला धड वाचता येईना. हिंदीत मात्रा गळायच्या, जोडाक्षरापाशी घोडं अडायचं. इंग्रजीत पहिलं अक्षर पाहून ती उरलेला शब्द मनानेच रचायची. फळ्यावरचं उतरवून घेईपर्यंत पुढचा तास सुरू झालेला असायचा.

बोलायला मात्र पटाईत. तिचे आजोबा उत्तमराव रेल्वेतून निवृत्त झालेले. शाळेतून आली की ती त्यांच्या खाटेवर मांडी घालून बसायची आणि वर्गात कोण पडलं, कोणाचा डबा कोणी खाल्ला, बाईंनी पृथ्वीबद्दल काय सांगितलं, सगळं वऱ्हाडीत ऐकवायची. एकदा ऐकलेलं ती विसरत नसे. तिचे हे आबाजी मुद्दाम चुकीचं बोलायचे, म्हणजे ती चिडून पुन्हा सांगायची.

मुख्याध्यापिकाबाईंनी तिच्या आईला, सुप्रियाला, बोलावून घेतलं. "घर में आप लोग मराठी बोलते हैं ना? बच्ची कन्फ्यूज़ हो रही है. बंद कीजिए," असं त्यांनी सांगितलं, खोकल्याचं औषध द्यावं तसं. सुप्रियाला ते पटलं. इतक्या भाषांचा गोंधळ होत असेल, तर एक कमी केली की भार हलका होईल, हे कोणत्याही आईला पटेल. शाळेतल्या भाषांना हात लावायची सोय नव्हती. कमी करता येण्याजोगी एकच होती, घरातली.

त्या दिवसापासून घरात मराठी बंद झाली. संदीप आणि सुप्रिया पोरीशी हिंदीत बोलू लागले. उत्तमरावांची हिंदी रेल्वेतल्या साहेबांना "हां साब" म्हणण्यापुरती. ते बोलायला लागले की सुप्रिया डोळ्यांनी दटावायची. मग एका सकाळी त्यांनी स्वतःच पिशवी भरली.

"मी लोधीखेड्याले जातो, मह्या लेकीकडं," ते म्हणाले. "मह्या तोंडून मराठीच निघते, सुप्रिया. पोरीचं नुकसान नको."

"तसं नाही मामाजी," ती सासऱ्यांना म्हणाली. पण अडवलं नाही. मनाच्या एका कोपऱ्यात तिला बरंही वाटलं, आणि त्याची लाज तिला पुढे फार दिवस पुरली.

वाचन सुधारलं नाहीच. शिकवणी लावली, एकेक शब्द पन्नास पन्नास वेळा लिहून घेतला, पण दुसऱ्या दिवशी तोच शब्द पोरीला अनोळखी. वर्ष सरत आलं तोवर ती घरात "हाँ", "नहीं" आणि "भूख लगी है" एवढंच बोलत होती. वाचता येत नाही याचं दुःख सुप्रियाला होतंच. आता ते मागे पडलं. पोरीचं बोलणं परत यावं, एवढंच तिला हवं होतं.

डॉक्टरांनी डोळे आणि कान तपासले. दोन्ही चांगले होते. त्यांनी पांढुर्ण्याच्या सरकारी केंद्रातल्या गायत्री मॅडमचं नाव सांगितलं.

गायत्री मॅडम शिकायला अडचण असलेल्या मुलांसोबत काम करायच्या. त्यांनी आधी हिंदी आणि इंग्रजी वाचायला दिलं. दोन्हीकडे तीच घसरण. मग अक्षरं बाजूला ठेवून नुसते आवाज विचारले, शब्दातला पहिला आवाज काढला तर काय उरतं वगैरे. पोर तिथेही चाचपडली. शेवटी त्यांनी पुस्तक मिटलं आणि मराठीत एक गोष्ट सांगून प्रश्न विचारले. सम्यका आईकडे वळली.

"मम्मी, मराठी में बोलूँ? डाँटोगी तो नहीं?"

 सुप्रियाने तिच्या पाठीवर हात ठेवून 'बोल' अशी मान हलवली. पोर हळू आवाजात, मध्येच हिंदी मिसळत, थांबत थांबत बोलली, पण एकही उत्तर चुकलं नाही.

पोरीला बाहेर बसवून गायत्री मॅडम म्हणाल्या, "पक्की चाचणी मानसतज्ज्ञ करतीन, त्याचं सर्टिफिकेट जिल्ह्याचं मेडिकल बोर्ड देते. पण मले डिस्लेक्सियाच वाटून राहिला. आवाज आन् अक्षर यांची गाठ तिच्या डोक्यात लवकर बसत नाही. एक भाषा असती तरी हेच झालं असतं."

"म्हणजे मराठीनं नाही झालं?"

"नाही ताई. बोलल्यानं कोणाले डिस्लेक्सिया होत नाही. ओझं लिपीचं होतं, तुम्ही बोलणं काढून घेतलं. जे तिले येत होतं तेच गेलं."

गायत्री मॅडमनी हे रागाने सांगितलं नाही. रागावल्या असत्या तर सुप्रियाला सोपं गेलं असतं.

मग त्यांनी पुढचं समजावलं. आधी एकच लिपी पक्की करायची, देवनागरी. शाळेची हिंदी तीच, मराठीही तीच, म्हणजे एका कष्टात दोन्ही कामं. एक आवाज, एक अक्षर, बोटाने गिरवत आणि तोंडाने म्हणत, रोज थोडंच. ऱ्हस्व इकार आधी लिहितो आणि मागून बोलतो, त्याला वेळ द्यायचा. इंग्रजी सध्या जास्त करून कानाने आणि तोंडाने. संस्कृत आणि घरचं मराठी लेखन बाजूला. धडे कोणीतरी वाचून दाखवायचे, उत्तरं तोंडी घ्यायची, परीक्षेत जास्त वेळ आणि वाचून देणारा माणूस मागायचा. हे जाणार नाही, पण पेलता येईल. आणि घरात भरपूर मराठी बोलायचं.

मुख्याध्यापिकाबाईंनी सर्टिफिकेट आल्याशिवाय संस्कृत सोडू द्यायला नकार दिला. फळ्यावरचं उतरवण्याऐवजी छापील कागद द्यायला तेवढ्या तयार झाल्या. संदीपने सुट्टीतली मराठीची उजळणीवही कपाटावर ठेवून दिली.

रविवारी सुप्रिया पोरीला घेऊन लोधीखेड्याला गेली. उत्तमराव ओसरीत बसले होते. वर्षात फार वाळले होते. पोरीला पाहून उठले आणि अडखळत म्हणाले, "आओ बेटा. कैसी हो आप?"

नणंद आतून म्हणाली, "वर्षभर टीव्हीपुढं बसून हिंदी शिकले ना ते. पोरीसंगं बोलता आलं पायजे म्हणे."

"मैं ठीक हूँ, आबाजी," सम्यका म्हणाली आणि दाराशीच उभी राहिली.

सुप्रियाने त्यांच्या पायांना हात लावला. "मामाजी, चुकलं माझं. मॅडम म्हणतात, मराठीनं काहीच बिघडलं नव्हतं. तुमी घरी चला. पयल्यासारखं बोला तिच्यासंगं."

उत्तमराव ओसरीतल्या खाटेवर बसले.  बाजूला सरकून त्यांनी जागा केली. "ये माय. बस. शाळेत काय झालं, सांग मले."

सम्यका जवळ गेली, पण बसली नाही. तिने आजोबाकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, आणि शाळेत विचारतात तशा आवाजात विचारलं,

"मम्मी, अब मराठी का भी टेस्ट होगा?"

"नाही गं," सुप्रिया म्हणाली. "कशाचाच नाही."

पोरीने मान हलवली. तिला ते खरं वाटलं नव्हतं. ती खाटेच्या कडेला, आजोबापासून हातभर अंतर ठेवून बसली, आणि तोंड मिटून पुढच्या प्रश्नाची वाट पाहू लागली.