एकतीस वेळा सॉरी

रघुराम एका तासात एकतीस वेळा सॉरी म्हणाला होता, असं मशीनचं म्हणणं होतं. कॉम्प्युटरने मीटिंग ऐकून आपोआप टंकलेला मजकूर माझ्यासमोर होता. तो खरा धरला तर ओरगडमच्या कारखान्यातला हा पन्नाशीचा इंजिनिअर सगळ्यांची माफी मागत बसला होता. एसी नीट चालतोय का? सॉरी. कंपनीची बस पावणेसातला येणार? सॉरी. लाइन एकची फाइल पोचली? सॉरी, सॉरी.

मला हसू आलं नाही, कारण मला ते सवयीचं होतं. मी मूळची कऱ्हाडची, शोळिंगनल्लूरच्या या ऑफिसात मला तीन वर्षं झाली. तमिळमध्ये होकाराला ‘सेरी’ म्हणतात आणि इंग्रजीवर बेतलेलं आमचं मशीन दर वेळी त्याचं ‘सॉरी’ करतं. म्हणून मीटिंगचा सारांश लिहिताना मी डोळे मिटून सॉरीच्या जागी ‘ठीक आहे’ वाचायचे. ही माझी युक्ती होती, आणि नव्या मुलांना मी ती मोठ्या तोऱ्यात शिकवायचेही.

त्या दिवशी पुरुषोत्तम सर मीटिंगला नव्हते. त्यांच्या आईचं ऑपरेशन होतं. सर आमचे मॅनेजर, तंजावरच्या मराठी घरातले, बोलायला गोड पण वाचायला अत्यंत आळशी. हॉस्पिटलमधून त्यांचा निरोप आला: ‘पाच ओळी पाठव. सहावी मी वाचणार नाही. काय ठरलं, कोण करणार, कधी, अडचण काय, माझ्याकडून काय हवं.’ मशीनने स्वतःहून काढलेला दीड पानी गोषवारा त्यांना गेलाच होता. तो त्यांनी उघडलाही नव्हता.

ठरवायचं ते लहान नव्हतं. ओरगडमच्या त्या कारखान्यात ट्रकचे पत्र्याचे भाग दाबणारे तीन मोठे प्रेस आहेत, दर लाइनवर एक, आणि त्यांना चालवणारं सॉफ्टवेअर आमचं. कामगार हाताने पत्रा आत ठेवतो. त्याच्यासमोर न दिसणाऱ्या किरणांचा एक पडदा असतो. हात त्यातून आत गेला की प्रेस थांबायला हवा. पण तेलाच्या वाफेने आणि धुळीनेही तो पडदा तुटायचा आणि प्रेस उगाच थांबायचे. म्हणून आमच्या ऑफिसातल्या वेंकटने नवं सॉफ्टवेअर केलं होतं: क्षणाचा एक बारीक तुकडाभर किरण तुटला तर तिकडे लक्ष द्यायचं नाही. धूळ तेवढ्यात निघून जाते, हात निघून जात नाही. मात्र प्रेस थांबायला तेवढा जास्त उशीर होतो, आणि त्या मानाने पडदा प्रेसपासून पुरेसा लांब हवा. दुपारी सव्वातीनला, पाळी बदलताना प्रेस बंद असतात, तेव्हा हे ऑफिसातूनच बसवायचं होतं. प्रश्न एवढाच होता: तिन्ही लाइनवर, की दोनच?

मीटिंगला मी हजर होते. ‘हजर’ हा शब्द मी जपून वापरते. माइक बंद करून मी दुसऱ्याच कामाच्या मेलना उत्तरं देत होते. तासातली पहिली वीस मिनिटं एसी आणि बस यांत गेली. मग वेंकट धुळीवर बोलला. मग लाइन तीनवर पत्रा ठेवणाऱ्या व्यंकटेशच्या मुलीचे कान टोचायचे आहेत, त्याला शुक्रवारी रजा द्यायची का, यावर दहा मिनिटं. मग पुन्हा वेंकट.

मी ते दळण चाळायला बसले. एसी गेला, बस गेली, कान टोचणं गेलं. एकच गोष्ट दोनदा बोलली गेली तर नंतरची धरायची, हा माझा नियम. नुसती चर्चा झाली ते काढायचं, ठरलं ते ठेवायचं. एकेचाळिसाव्या मिनिटाला हवं ते सापडलं. वेंकट विचारतो: सो लाइन थ्री ऑल्सो, टुडे? त्यावर रघुराम: सॉरी. पुढे मशीनने कंसात लिहिलं होतं, ‘अस्पष्ट’. मग वेंकट बसच्या थांब्याकडे वळलेला.

सॉरी म्हणजे सेरी. मी तिसरी ओळ लिहिली.

त्या पाच ओळी इंग्रजीत होत्या. मराठीत सांगायच्या तर अशा: एक, नवं सॉफ्टवेअर आज सव्वातीनला बसवायचं. दोन, वेंकट बसवणार, रघुराम तपासणार. तीन, लाइन एक, दोन, तीन. रघुराम तिन्हीला सहमत. चार, मोठी अडचण नाही. पाच, तुमची मंजुरी हवी.

चौथ्या ओळीपाशी मी थोडी अडखळले, हे कबूल करते. चाचण्या करणारी कनका मध्येच म्हणाली होती, ‘लाइन थ्री ब्रेक इज ओल्ड, नो?’ पण त्याला कुणी उत्तर दिलेलं नव्हतं. पाच ओळींत एक ‘नो?’ कुठे बसवणार? रेकॉर्डिंग होतंच, एकेचाळिसावं मिनिट ऐकायला दोन मिनिटं लागली असती. पण तयार मजकूर असताना परत कान कशाला लावायचे? बारा वाजून दहा मिनिटांनी मी ओळी पाठवल्या. साडेबाराच्या आत सरांची मंजुरी आली आणि त्यांनी तोच मेल कारखान्याला पुढे पाठवला. मी जेवायला गेले. सांबारभात चांगला झाला होता.

तीन वाजून वीस मिनिटांनी चहाच्या मशीनपाशी कनका भेटली. तीही तंजावरच्या मराठी घरातली, रघुरामची लांबची भाची. तिने सहज विचारलं, “रघुराममामाचं ऐकलंत ना सकाळी? किती चिडला होता.”

“कधी चिडला?”

“लाइन थ्रीवर. सॉरी म्हणाला, होणार नाही. चिडून मराठीतच बोलला, वेंकटला कळलंच नाही.”

पेला माझ्या हातातच होता. मी तो ठेवला नाही, तसाच घेऊन जागेवर गेले आणि रेकॉर्डिंग उघडलं. एकेचाळीस मिनिटं, दहा सेकंद. वेंकटचा प्रश्न. मग रघुरामचा आवाज, माइकपासून दूर, मागे कसला तरी पंखा: “सॉरी. लाइन तीनचं नाहीं. ब्रेक जुना. थांबाया किती वेळ लागतो तें अगोदर मापायचं, पडदा मागें सरकवायचा, मग बघूं.”

एकतीसांतला तो एक खरा सॉरी होता. तीस वेळा मी बरोबर होते, आणि त्या तीसांनीच मला आंधळं केलं. नंतरचं तंजावरी मराठी मशीनला कळलं नाही, ते त्याचं दुर्दैव. मला कळलं असतं. अख्ख्या त्या मीटिंगमध्ये कनका सोडून ते कळणारी मी एकटीच होते, आणि मी मेल लिहीत बसले होते. मला माझीच किळस आली.

मी रघुरामच्या मोबाइलवर फोन केला. वाजत राहिला. कारखान्यात आत जाताना मोबाइल लॉकरमध्ये ठेवावा लागतो. सरांना लावला, बंद. वेंकट आपल्या जागेवर होता, हेडफोन काढून म्हणाला, “तिन्ही झालं. तीन अठराला. का?”

“लाइन तीन परत काढ.”

“प्रेस चालू असताना कसं काढू? तिकडून थांबवायला सांगा.” माझं तोंड पाहून तोही उभा राहिला.

कनकाने शेडमधल्या केबिनचा नंबर शोधून दिला. तीन वाजून चौतीस. दोनदा कुणी उचलला नाही. तिसऱ्यांदा रघुरामनेच उचलला. त्याच्यामागे प्रेसचा आवाज येत होता, थांबून थांबून, एकसारखा.

“अंकल, मी सुष्मिता. लाइन तीन चालू आहे का?”

“चालू आहे.” तो शांत होता. तो शांतपणा मला नको होता. “तूंच लिव्हलीस ना, रघुराम सहमत म्हणून?”

“चूक झाली. तुम्ही सॉरी म्हणालात ते मी सेरी वाचलं.”

मागे प्रेस पडत होता.

“मज तो कागद दाखवला इथल्या साहेबानं,” तो म्हणाला. “मी म्हण्लों, मी नाहीं म्हण्लों. तो म्हणतो, त्यांच्या मॅनेजरनं सही दिली, तुझंच नाव आहे, सकाळी हो म्हणून अत्तां काय? सगळे उभे होते. मग मी म्हण्लों, सेरी.”

“थांबवा. आत्ता थांबवा.”

“लाल बटण कोणीही दाबूं शकतो, अम्मा. पाळीच्या सुरुवातीला लाइन थांबली कीं कारण लिव्हावं लागतं. काय लिव्हूं? कागद म्हणतो मी सहमत.”

“माझं नाव लिहा. सुष्मिताने खोटं लिहिलं असं लिहा. पण आधी बटण दाबा.”

त्याने रिसीव्हर टेबलावर ठेवला. लाकडावर आपटल्याचा आवाज आला. मग त्याची पावलं, मग फक्त प्रेस. कनका माझ्या खुर्चीला धरून उभी होती. मी आवाज मोजत होते, का ते माहीत नाही. सहा. सात. आठवा अर्धवट आला. त्यानंतर एक माणूस ओरडला आणि प्रेस गप्प झाला.

कोण ओरडलं, ते फोनवरून कळत नव्हतं. कनका पुटपुटायला लागली, “मामा, मामा.” वेंकट भिंतीकडे तोंड करून उभा होता. रघुराम बटणापर्यंत पोचला म्हणून प्रेस थांबला, की कुणाचा हात आत गेला म्हणून? मला देवाचं नाव घ्यायलाही लाज वाटली. मी रिसीव्हर कानाला इतका दाबून धरला होता की कान दुखायला लागला.

चार मिनिटं गेली. मग टेबलावरचा फोन कुणीतरी उचलला. श्वास ऐकू आला.

“थांबलं,” रघुराम म्हणाला. “मी बटण दाबायला आणि त्याचा हात आंत जायला एकच गांठ पडली. वाकडा बसलेला पत्रा सरळ करत होता. प्रेस थांबला, पण उशिरा थांबला. हातमोज्याचं टोक सांपडलं, दोन बोटांचं. कापलं गेलं.”

“आणि बोटं?”

“आहेत. मीच मोजलीं. त्यानं तर तीनदा मोजलीं. इथंच खालीं बसला आहे.”

“कोण आहे, अंकल?”

“व्यंकटेश.”

ज्याच्या रजेवरची दहा मिनिटं मी एका झटक्यात उडवली होती, तो.

मला रडू यायला हवं होतं, ते आलं नाही. मागे माणसं गोळा झाल्याचा गलका येत होता. त्यांत एकजण तमिळमध्ये तेच तेच विचारत होता, मोठ्याने नाही, पण थांबतही नव्हता.

“काय म्हणतोय तो?”

“व्यंकटेशच तो. विचारतो, ह्या लाइनला हो कुणी म्हण्लं.”

“तुम्ही काय सांगितलंत?”

“कांहीं नाहीं. कागदावर माझं नाव आहे.”

“त्याला फोन द्या,” मी म्हटलं.

तिकडे कुजबुज झाली. रिसीव्हर एका हातातून दुसऱ्या हातात गेला. माझी तमिळ तीन वर्षांनंतरही मोडकीच आहे. भाजीवाल्याशी, रिक्षावाल्याशी जेमतेम निभावते. ‘मी’ म्हणायला लागते तेवढी येत होती.