चौदा तारखेची नोटीस

अण्णा गेले त्यानंतर तीन महिन्यांनी चिक्कडपल्लीचं घर सोडण्याचा हुकूम आला. अण्णांनी ते १९४६ साली शेजाऱ्याकडून विकत घेतलं होतं. शेजारी पुढे कराचीला गेला. देश सोडून गेलेल्यांची मालमत्ता ताब्यात घेणाऱ्या खात्याच्या एका अधिकाऱ्यानं ठरवलं की खरेदी नावापुरती होती, घर अजून शेजाऱ्याचंच. हुकूम हाती आला जूनमध्ये, पण त्यावरची तारीख होती ११ मार्च १९५५, अण्णा हयात असतानाची. खाली छापलं होतं : हा निर्णय अंतिम असून त्यास कोणत्याही न्यायालयात आव्हान देता येणार नाही.

"सरकारला हा शब्द फार आवडतो," एकनाथराव वकील म्हणाले. "चपराशाची रजा नाकारतानासुद्धा अंतिम!"

ते अण्णांचे शाळेपासूनचे मित्र. त्यांनी हायकोर्टात रिट दाखल केलं, हुकमाला तात्पुरती स्थगितीही मिळवली. तरी माझा त्यांच्यावर विश्वास नव्हता. भाषावार रचनेत आमचं राज्य फुटणार, एकनाथराव मुंबईला जाणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. जाणारा माणूस मागे राहणाऱ्यांसाठी किती जीव टाकणार?

"काका, आव्हानच देता येत नाही, तर रिट कशाला?"

"निकाल चुकला म्हणून गेलो तर हाकलतील. पण तुझ्या वडिलांना न ऐकता निकाल दिला असेल, तर अंतिम हा शब्द त्याला वाचवत नाही. नोटीस आली होती का?"

"नाही." मी तसं शपथेवर लिहून दिलं. अण्णा पोस्टकार्डसुद्धा आईला वाचून दाखवत. नोटीस लपवतील कशाला?

पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये खात्याचं उत्तर आलं. नोटीस ५ मार्चला बजावली, पोचवहीत सही आहे. नोटिशीची प्रत मात्र मिसलमध्ये, म्हणजे प्रकरणाच्या फायलीत, सापडत नाही. पोचवहीतली सही मी पाहिली. 'बाळकृष्ण'च्या खाली दोन ठिपके. अण्णांचीच.

"खोटी आहे," मी म्हणाले.

"शपथेवर म्हणशील?" एकनाथरावांनी चष्मा काढला. "घरात आणखी कागद असतील तर आण, सरू. कसलेही."

त्यांना कागद कशाला हवे होते, याचा मी घरी येईपर्यंत विचार करत राहिले.

नोटीस अण्णांच्या शब्दकोशात निघाली. दीड वर्षात मी तो उघडला नव्हता. नोटिशीच्या पाठीमागे अण्णांनी पेन्सिलीनं लिहिलं होतं : 'गेलो होतो. हुकूम झाला म्हणाले. अंतिम आहे म्हणाले.'

नोटिशीची पुढची बाजू मी वाचलीच नाही. म्हणजे नोटीस आली होती. माझी शपथ खोटी, आणि अण्णांनी आमच्यापासून लपवलं. नोटीस मी तांदळाच्या डब्याखाली ठेवली. आई दोन दिवस माझ्याकडे बघत होती. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "डब्याखाली काय आहे ते मी पाहिलंय. त्यांना घाबरवलं होतं गं कुणीतरी. तू नको घाबरू."

एकनाथरावांपुढे मी नोटीस ठेवली आणि त्यांच्या रागावण्याची वाट पाहिली. त्यांनी मागचं वाचलं, मग पुढचं, मग मिसल उघडून हुकूम शेजारी ठेवला.

"सुनावणीची पेशी कधीची आहे?"

मी वाचलं. चौदा मार्च.

"आणि हुकूम?"

अकरा.

त्यांनी नोटीस उलटून पुन्हा पेन्सिलीचं अक्षर पाहिलं. "बाळ्या," ते म्हणाले, पण माझ्याशी नव्हे. "वेड्या, मला तरी विचारायचंस."

आम्ही नोटीस दाखल केली. माझी आधीची शपथ अजाणतेपणी चुकल्याचंही लिहून दिलं. ऑक्टोबरात सुनावणी झाली. कोर्टाच्या कचेरीबाहेर फायलींच्या पेट्या मुंबई, बंगळूर अशी नावं लिहून रचल्या होत्या.

सरकारी वकील म्हणाले, "कायद्याचे शब्द स्पष्ट आहेत. कोणत्याही न्यायालयात नाही. आणि नोटीस मिळाल्याचं बाई स्वतःच दाखवताहेत."

"त्या कायद्यानं अपील आणि दावा या वाटा बंद केल्या," ज्येष्ठ न्यायमूर्ती म्हणाले. "आमचा अधिकार घटनेतून आला आहे. विधिमंडळानं दिलेला नाही, तर साध्या कायद्यानं तो काढून कसा घेता येईल? शिवाय, ऐकून घेऊन दिलेला निर्णय अंतिम करायचा, असं कलमाचं म्हणणं दिसतं. चौदाला बोलावून अकराला निकाल देणाऱ्यानं कोणाचं ऐकलं?"

एकनाथराव खरेदीखत काढू लागले.

"ते ठेवा, वकीलसाहेब. घर कोणाचं हे आम्ही ठरवणार नाही. आम्ही अपील ऐकत नाही."

हुकूम रद्द झाला. नोटीस देऊन, ऐकून घेऊन पुन्हा निर्णय करा, असं खात्याला सांगितलं. घर आमचं आहे असं कोणीच म्हणालं नाही. एकनाथराव डिसेंबरात मुंबईला गेले. जाताना सगळे कागद क्रमानं लावून देऊन गेले. माझ्या संशयाबद्दल मी त्यांना काही सांगितलं नाही.

जानेवारीत नोटीस आली, माझ्या नावानं. पेशी सव्वीस फेब्रुवारीला. मी शिपायाला थांबवलं, पोचवहीत सही केली. सहीशेजारी त्या दिवसाची तारीख लिहिली, तिच्याखाली पेशीची.

"इतकं कोणी लिहीत नाही, बाई," तो म्हणाला.

"लिहू दे," मी म्हणाले, आणि नोटीस आईला वाचून दाखवायला आत गेले.