अहवालातली चौदा मुलं

आमच्या बी.एड. कॉलेजात अहवालाची रीत ठरलेली. 'केलेली कामे' खरी लिहायची, 'काय शिकले' जरा फुगवायचं आणि 'सूचना' मागच्या वर्षीच्या मुलीच्या उतरवायच्या. मीही तेच केलं.

मिरजगावच्या एका संस्थेत महिनाभर मी ऊसतोडीला गेलेल्यांच्या मुलांना वाचायला शिकवलं. आजीपाशी राहिलेली अठरा मुलं. पहिल्या दिवशी गोष्टीचं कार्ड नीट वाचणारी तीन होती, शेवटी चौदा झाली. हा आकडा मी ठळक अक्षरांत लिहिला आणि स्वतःवरच खूश झाले.

आता संस्थेच्या केंद्रप्रमुख सत्यशीलाताईंची सही आणि शिक्का एवढंच राहिलं होतं. सोमवारपर्यंत अहवाल कॉलेजात गेला नाही तर इंटर्नशिपमध्ये नापास, म्हणजे वर्ष गेलं. शनिवारी सकाळच्याच एसटीनं मी केंद्रावर पोचले.

ताईंनी आकडा वाचला, माझ्याकडं पाहिलं आणि पंकजाला हाक मारली. तिसरीतली ही पोर माझी लाडकी. वाचून दाखव म्हटल्यावर तिनं कार्ड घेतलं आणि अंगणातल्या शेळीकडं बघत सगळी गोष्ट घडाघडा म्हटली. कार्ड तिच्या हातात उलटं होतं.

ताई हसल्या नाहीत, हे त्यांचे उपकार. केंद्रात दुसरं कार्ड नव्हतंच, म्हणून त्यांनी पाठकोऱ्या कागदावर चार सोप्या ओळी लिहून दिल्या. पंकजानं कागद खालीवर करून पाहिला.

"बाई, ह्ये आमाला शिकवल्यालं न्हाई," ती म्हणाली.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. रोज तेच कार्ड मीच घोकून घेतलं होतं आणि तपासायलाही तेच धरलं होतं. दुपारपर्यंत अठराही मुलांकडून त्या चार ओळी वाचून घेतल्या. नीट वाचणारी निघाली सहा. चौदावर काट मारून मी सहा लिहिले. सूचनांत पिण्याच्या पाण्याची सोय करावी, असं मी उतरवलं होतं. संस्थेनं बसवलेल्या फिल्टरचंच पाणी पीत मी ती ओळ खोडली आणि लिहिलं, दर चाचणीला नवा उतारा द्यावा, जुन्या कार्डावरचे आकडे धरू नयेत.

ताई ही ओळ वाचून थांबल्या. पेन उघडंच राहिलं. मग माझ्या ध्यानात आलं, की चार वर्षं त्या याच कार्डावर मुलं तपासत होत्या आणि तेच आकडे देणगीदारांना जात होते. त्यांनी सही नाकारली, तर माझं वर्ष जाणार होतं.

"ताई, ही सूचना काढू का?" मी विचारलं.

त्यांनी ती ओळ पुन्हा एकदा वाचली. मग सही केली आणि शिक्का नीट दाबून मारला.

"काढू नको, दिपाली. याची एक झेरॉक्स मला दे. पुढच्या आठवड्यात देणगीदारांना आमचा अहवाल जायचाय, त्याला जोडते."