हातोडी बघा, सर

घंटा काही केल्या गप्प बसेना, आणि डुंबरे सरांना ती गप्पच हवी होती.

तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात त्यांच्या शाळेचा आजवर एकदाही नंबर आला नव्हता. यंदा नववीतल्या अक्षदानं प्रयोग घेतला होता तो पुस्तकातलाच: काचेच्या जाड हंडीत विजेची घंटा वाजवायची, हंडीतली हवा काढून घ्यायची, की आवाज बंद. शाळेचा निर्वात पंप कधीच मोडीत निघालेला, म्हणून पोरीनं डिंगोरे गावातल्या आपल्या घरून गाईंचं दूध काढायच्या मशीनचा पंप उचलून आणला. तिथंच घोळ झाला. हे मशीन निम्मीच हवा ओढतं. त्याहून जास्त ओढलं तर गाईच्या सडांना इजा होते, तेव्हा ते मुद्दामच तसं बनवलेलं असतं. घंटेचा आवाज बारीक झाला, पण गेला नाही.

“घंटेच्या वायरला एक बटण जोडू,” सर म्हणाले. “टेबलाखाली. पंप चालू झाला की हळूच दाबायचं, घंटा बंद. कुणाच्या बापाला कळणार न्हाई.”

“मी न्हाई दाबणार, सर. हवा उरलीय म्हणून आवाज उरलाय. हे खरंच हाये की.”

“खऱ्याला नंबर देतात का गं?” सरांनी बटण जोडलंच.

प्रदर्शनाला परीक्षक म्हणून मोहिनी मॅडम आल्या. कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या, चष्मा कपाळावर चढवलेला. अक्षदानं पंप लावला, दाबमापीचा काटा निम्म्यावर येऊन थांबला. हवा परत शिरू नये म्हणून तिनं नळीची तोटी बंद केली आणि पंपाची घरघर थांबवली. आत हातोडी आदळत होती, घंटा बारीक आवाजात किणकिणत होती. मॅडमनी हंडीजवळ कान नेला, डोळे मिटले, आणि त्याच क्षणी किणकिण तुटली.

“वा! शाब्बास!” मॅडम म्हणाल्या.

अक्षदानं सरांकडे पाहिलं. त्यांचा एक हात टेबलाखाली होता आणि तोंडावर देवळातल्या पुजाऱ्याचा भाव. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“मॅडम, डोळे उघडा,” ती म्हणाली. “हातोडी बघा. थांबलीय ती.”

मॅडमनी चष्मा नाकावर ओढला.

“हवा काढल्यानं आवाज जातो, हातोडी थांबत न्हाई,” अक्षदा म्हणाली. “आवाज म्हंजी धक्का. रांगेत मागून ढकललं की धक्का पुढच्यापर्यंत जातो, माणसं आपापल्या जागीच डुलतात. हवेचे कण तसेच. रांगच न्हाई, तर धक्का देणार कुणाला? पण प्रकाशाला रांग लागत न्हाई. ती विजेची न् चुंबकाची लहर, रिकाम्या जागेतून आपली आपण पुढं जाती. म्हणून हवा काढली तरी आतलं सगळं दिसतं. लबाडी केली तर ती बी दिसती.”

“अक्षदा!” सर ओरडले.

तिनं ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. टेबलाखालचं बटण उपटून वरती ठेवलं, वायर जोडली. हातोडी नाचू लागली, बारीक किणकिण सुरू झाली. मग तिनं तोटी सोडली. हवा सुस्कारत आत शिरली, आणि हातोडीचा ठेका तोच असताना घंटा खणखणीत वाजू लागली.

मॅडम बटणाकडे बघत होत्या. “मग खोडद गावाजवळच्या त्या मोठ्या दुर्बिणीच्या तबकड्या आकाशातलं काय ऐकतात?”

“ऐकत न्हाईत. रेडिओ लहरी पकडतात. त्या प्रकाशाच्याच भावकीतल्या.”

मॅडम हसल्या. पण नियम तो नियम, बटण सापडलेला प्रयोग बाद झाला.

परतताना गाडीत सर एवढंच म्हणाले, “घालवलास शाळेचा नंबर.”

“मी न्हाई घालवला,” अक्षदा म्हणाली. रडू येत होतं, पण ते तिनं सरांना दाखवलं नाही.

सोमवारी प्रयोगशाळेत ती आली ती फ्रीज दुरुस्त करणाऱ्या दादाभाऊ मामाचा पंप घेऊन. हा पंप निम्म्यावर थांबणारा नव्हता, जवळजवळ सगळी हवा उपसून काढणारा होता. घंटेखाली तिनं स्पंजाची जाड गादी घातली, म्हणजे धक्का तळातून टेबलात उतरायला नको. सरांना तिनं बोलावलं नव्हतं. ते दाराशी येऊन उभे राहिले.

काटा खाली खाली जात तळाला टेकला. तिनं तोटी फिरवून पंप बंद केला. चाळीस पोरांच्या वर्गात किणकिण कुठेच नव्हती.

सर पुढे आले, खाली वाकले, टेबलाखाली बघितलं. तिथं काही नव्हतं.

“खाली न्हाई, सर,” अक्षदा म्हणाली. “आत. हातोडी बघा.”

काचेच्या आत हातोडी घंटेवर जीव तोडून आदळत होती. सर ती बघत राहिले आणि मग त्यांनी मान खाली घातली.