देखभाल की दुरुस्ती

भावजयीने लिहिलेल्या 'देखभाल'वर नणंदेने लाल रेघ मारली आणि वर 'दुरुस्ती' लिहिलं. दोघींच्या अनुवाद कार्यालयाचा शिरस्ता असा, की एकीने अनुवाद करायचा, दुसरीने तो मुळाशी ताडून पाहायचा आणि 'अनुवाद खरा व अचूक आहे' या दाखल्याखाली दोघींनी सही करायची. एक जरी अडली, तरी कागद बाहेर जात नसे.

करार नृत्यवर्गासाठी भाड्याने घ्यायच्या हॉलचा होता. नृत्यशिक्षिका समोरच बसली होती आणि टेबलाखाली तिचे पाय आतापासूनच ताल धरत होते. तिला मूळ भाषा येत नव्हती. मराठी मजकूर वाचूनच ती सही करणार होती.

"ताई, लाकडी जमिनीची दुरुस्ती भाडेकरूवर कोण टाकतं? त्यांना देखभालच म्हणायचं असणार," भावजय म्हणाली.

"काय म्हणायचं असणार ते ज्योतिषाला विचारा, वहिनी. चौथ्या कलमात पंख्यांची देखभाल आहेच. सहाव्यात जमिनीसाठी मुळातच वेगळा शब्द आहे. मुळात दोन शब्द, मग मराठीत एकच कसा?"

"उगाच हिच्या गळ्यात घोंगडं पडेल."

"ते पडलेलंच आहे. तुमच्या शब्दाने फक्त दिसेनासं होईल. शेवटचं कलम वाचा. दोन मजकुरांत तफावत आली, तर मूळ ग्राह्य."

भावजयीने विषयच फिरवला. "जमीन ठणठणीत असली म्हणजे झालं ना?"

"ठणठणीतच आहे. चला, दाखवते," म्हणत शिक्षिकेने दोघींना रस्त्यापलीकडच्या हॉलवर ओढत नेलं.

जागामालकाने दार उघडलं. शिक्षिकेने दोन गिरक्या घेतल्या, तिसरीत नणंदेला ओढलं. लाल पेनापलीकडे काही न हलवणारी ती बाई चष्मा सावरत भोवऱ्यासारखी फिरली. भावजयीला चेव आला. "बघा, ताई, कशी भक्कम आहे," म्हणत तिने कोपऱ्यात पाय आपटला.

कर्रकन आवाज झाला. भावजय पोटरीपर्यंत जमिनीत.

"लागलं का फार?" नणंदेने वाकून विचारलं. नुसतं खरचटल्याचं कळल्यावर म्हणाली, "मग करा देखभाल. भोक नीट झाडून पुसून घ्या."

चौघंही पोट धरून हसत सुटली. आधी थांबली ती शिक्षिका. "हे मी नीट करून द्यायचं?"

पाय भोकातच ठेवून भावजय म्हणाली, "मुळात तसंच आहे. मी ते मऊ करून लिहिलं होतं."

"अहो, मी जुन्या कराराचा नमुना उतरवून घेतला," जागामालक ओशाळला. "कुजलेल्या फळ्या यांच्या माथी कशाला मारू?"

"मग आधी मूळ बदला," नणंद म्हणाली. "बदलाशेजारी दोन्ही पक्षांच्या सह्या हव्यात. मराठी त्यानंतर."

तासाभराने, गुडघ्याखाली पट्टी बांधलेल्या भावजयीने सहावं कलम पुन्हा लिहिलं: जमिनीची दुरुस्ती जागामालकाने करावी, देखभाल भाडेकरूने. नणंदेने ते बदललेल्या मुळाशी दोनदा ताडलं आणि सही केली. भावजयीनेही केली, पण तिची सही दाखल्याच्या चौकटीबाहेर गेली, कारण शिक्षिका एव्हाना कार्यालयातच नाचत होती आणि टेबल हलत होतं.