मुकादमाला शिव्या

रिसोडला लखमीचंद शेठच्या डाळमिलमध्ये दुपारी भाकरी खाताना मुकादमाला शिव्या द्यायची रीत होती. मुकादम कोणीही असो. भाकरी पचायची त्यानं. या कामात सगळ्यांत तरबेज रामकिसन. शेठनं त्यालाच मुकादम केलं.

पहिल्या दिवशी तो नेहमीसारखा खेमा आणि गोविंदाजवळ येऊन बसला. दोघं त्याचे जुने जिगरी. चाललेली शिवी अर्ध्यातच तुटली. मग कोणीतरी म्हणालं, औंदा लिंबाला पाला चांगला आहे. त्यावर बरीच चर्चा झाली. रामकिसनला राहवेना. त्यानं स्वतःच मुकादमाला एक कडक शिवी हासडली. कोणी हसलं नाही.

"आमी हसलो त आमचीच हजेरी घेशीन," खेमा म्हणाला.

संध्याकाळी खेमानं त्याला बाजूला घेतलं. "गड्या, मले भुशाच्या खोलीत नोको धाडू. एका ताटात जेवलो आपण."

भुशाच्या खोलीत डाळीचा भुसा पोत्यांत भरायचा असतो. तिथून माणूस बाहेर येतो तो भुतासारखा, आणि रात्रभर खोकतो. रामकिसन "बरं" म्हणाला आणि रोज गोविंदाला धाडत राहिला. गोविंदा भांडला नाही. फक्त एक दिवस, पापण्यांवरचा भुसा झाडत, "येतो, साहेब," म्हणाला.

'साहेब' ऐकून रामकिसनला रात्री जेवण गेलं नाही. दोस्त गेला, हे त्याला कळलं. खेमाला नाही म्हटलं तर दुसराही जाणार.

दुसऱ्या दिवशी सगळे भाकरी सोडत असताना तो उभा राहिला.

"खेमाले मी बरं म्हटलं, ते चुकलं. त्याचा भुसा गोविंदानं खाल्ला. आजपासून खोलीची पाळी. सगळ्याइची. आज खेमा."

"काहून? मीच काहून पयले?" खेमा ताडकन उठला.

"गोविंदानं तुह्या वाटचं केलं म्हणून. दोस्ती मिलच्या भायेर आहे तशीच. शेठ माह्यापाशी बोलते ते मी तुमाले सांगणार नाही, अन् तुमी इथं बोलता ते त्याले सांगणार नाही."

खेमा पाय आपटत खोलीत गेला. सुटी झाल्यावर भुशानं पांढराफट्ट होऊन आला आणि तसाच निघून गेला. रामकिसननं ती रात्र कशीबशी काढली.

दुसऱ्या दुपारी भाकरी सोडताना खेमा खोकत त्याच्यासमोर आला. मागे गोविंदा, हाताची घडी घालून.

"मुकादम, जरा भायेर जाता का?"

"कायले?"

"तुमाले शिव्या द्याच्या आहेत. समोर जमत नाही."

"किती वेळ लागंन?"

"कालचाही हिशोब आहे ना बे," गोविंदा म्हणाला. 'साहेब' नाही, जुना 'बे' ऐकून रामकिसनच्या छातीवरचं पोतं उतरलं.

त्यानं रीतसर परवानगी दिली, भाकरी उचलली आणि मिलच्या मागं जाऊन बसला. आत हशा उसळला. शिव्या मात्र कच्च्या होत्या. खेमा घाई करत होता, गोविंदाला शेवट जमत नव्हता. आत जाऊन नीट करून द्यावं असं त्याला फार वाटलं. पण मुकादमाला ते शोभलं नसतं. तो पोटभर जेवला.