निरोपाचा मेसेज आणि हाराचा फोटो

शिवकन्याची नोकरी गेल्याचं तिला बुधवारीच कळलं होतं. आज शनिवार, तिचा शेवटचा दिवस. सकाळीच सेनगावच्या खरेदी केंद्रावर जाऊन तिने टॅब आणि ओळखपत्र जमा केलं आणि जीपने आपल्या गावी, गोरेगावला, परत आली. आता एकच गोष्ट राहिली होती. संध्याकाळी पाचला केंद्रप्रमुख विजयकुमार सर तिला केंद्राच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधून काढणार होते, कंपनीचा नियमच तसा. त्याआधी सोबतच्यांना निरोपाचे चार शब्द लिहायचे होते, आणि तेच मेले काही केल्या जमेनात.

कंपनी शेतकऱ्यांकडून सोयाबीन आणि तूर घ्यायची. मालाचा ओलावा मशीनने तपासायचा, माती-कचरा किती ते बघायचं, दर्जा ठरवायचा, हे शिवकन्याचं काम. हाताखाली बालाजी. त्याला मशीन कसं धरायचं इथपासून तिनेच शिकवलं. कंपनीच्या पुण्याच्या ऑफिसातल्या बाईंनी व्हिडिओ मीटिंगमध्ये गोड आवाजात सांगितलं की केंद्रावर आता एकच तपासनीस राहील. बालाजीकडे मोटरसायकल होती, लांबची गावं तो एकटा करू शकायचा. म्हणून तो राहिला आणि शिवकन्या गेली. हिशेब सरळ होता, राग धरावा असं त्यात कुणी माणूसच सापडत नव्हतं.

पण बालाजी तेव्हापासून तिच्याशी बोलला नव्हता. ती समोर आली की हा पोरगा आत जाऊन आधीच साफ असलेलं मशीन पुसत बसायचा. आज टॅब द्यायला गेली तर पठ्ठ्या मागच्या दाराने सटकला. नोकरी गेल्यापेक्षा हे तिला जास्त लागलं होतं, अगदी खरं सांगायचं तर रात्री रडूही आलं होतं. आणि जायचं कुठे लांब होतं? हीच माणसं उद्या बाजारात भेटणार, जीपमध्ये गुडघ्याला गुडघा लावून बसणार. त्यांनी आपल्याला बघून तोंड चुकवू नये, एवढंच तिला त्या मेसेजातून साधायचं होतं.

पहिला मेसेज तिने लिहिला आणि सासूला, सिंधूबाईला, वाचून दाखवला. "काम होतं तोवर ताई ताई, आता ताईची गरज सरली. असो."

सिंधूबाई शेळीच्या करडाला बाटलीने दूध पाजत होत्या. "त्या 'असो'त लई मिरची हाय गं," त्या म्हणाल्या. "उगं कुणाकुणाला झोंबंल."

दुसऱ्यात तिने घरची परिस्थिती लिहिली, लेकरांची शाळा लिहिली, कुठे काम असेल तर गरीब बहिणीला विसरू नका असंही लिहिलं.

"आन् ह्ये काय? दारोदार हिंडून राहिल्यावानी वाटतंय. आपल्या घरात चार शेळ्या हायत, माझा लेक राम कमावतो, तू बी काय बसून ऱ्हाणार न्हाईस. काहून इतकी बारीक व्हायली?"

"मग तुमीच सांगा ना आत्या, काय लिहू!"

"मला काय इचारतीस? माझं शिक्षण करडाला दूध पाजण्यापुरतं."

शेवटी वैतागून शिवकन्याने मोबाईलवरच कुठून तरी तयार मजकूर शोधला. भारदस्त होता. त्यात आपलं नाव घातलं. फोटो हवा म्हणून गेल्या साली केंद्रावर सत्कार झाला होता तेव्हाचा काढला. बाजूची माणसं कापली, ती एकटीच राहिली. गळ्यात झेंडूचा मोठा हार. आणि ठोकून दिलं ग्रुपवर:

"जड अंतःकरणाने कळविण्यात येते की, आपल्या सर्वांच्या लाडक्या शिवकन्याताई आज आपल्यातून जात आहेत. त्यांच्या आठवणी सदैव आपल्या हृदयात राहतील."

आता आपल्याकडचे ग्रुप कसे असतात, सांगायला नको. हार दिसला, 'जड अंतःकरण' दिसलं, की अंगठा आपोआप चालतो. पुढचं वाचतो कोण! नरसिंग टेम्पोवाला पोती उतरवत होता. त्याने घामेजल्या हाताने पहिलं उत्तर टाकलं: "भावपूर्ण श्रद्धांजली." त्याच्या मागून हमालांपैकी एकाने दिवा टाकला. संगिता, केंद्रावर पावत्या करणारी, तिनेसुद्धा हात जोडले आणि लिहिलं, "ईश्वर मृतात्म्यास शांती देवो. कधी झालं?"

शिवकन्या फोनकडे बघतच राहिली. बाई गं! जिवंतपणी दिवा!

तेवढ्यात फोन वाजला. बालाजी.

"हॅलो... सिंधूबाई का? मी बालाजी बोलतोय... ताईंचं..."

"बालाजी, मीच हाय रे."

तिकडे पोरगं जे रडायला लागलं ते थांबेना.

"ताई, तुमी हायत ना? बराबर हायत ना? मी सडकेला गाडी लावून उभा हाय. मला वाटलं, मी बोललो न्हाई म्हणून तुमी जिवाचं काही..."

"गप, येड्या! मेसेज चुकला माझा."

"मेसेज न्हाई, मी चुकलो, ताई. तुमची जागा घेऊन बसलो. कोणत्या तोंडानं बोलू?"

"जागा तू घेतली न्हाईस, तुला दिली. मी तुला नीट शिकवलं म्हणूनच दिली. पण तू मागच्या दारानं गेलास ना आज, ते मला लागलं. लई लागलं. पुन्हा असं करू नको."

"न्हाई करणार," तो म्हणाला आणि नाक ओढलं.

फोन ठेवल्यावर शिवकन्या इतकी हसली की डोळ्यांत पाणी आलं, आणि मग ते पाणी हसण्याचं उरलं नाही. पदराने तोंड पुसून तिने तो मेसेज सगळ्यांसाठी डिलीट केला आणि फोनवर जसं बोलली होती तसंच लिहायला घेतलं.

"मी जिवंत आहे. नरसिंगभाऊ, श्रद्धांजली पोचली, पण जपून ठेवा, अजून वेळ आहे.

आज केंद्रावरचं माझं काम संपलं. वाईट वाटतं, नाही कशाला म्हणू. पण तुमच्यासोबतचे दिवस चांगले गेले. संगिता, तुझ्या डब्यातला ठेचा मला आठवणार. हमाल दादांनी मला कधी पोत्याला हात लावू दिला नाही, त्यांचे आभार. सोमवारपासून दर्जा बालाजी सांगेल. त्याचा शब्द म्हणजे माझा शब्द, कुणी त्याला टोचून बोलू नये. माझा नंबर हाच आहे. दुसरीकडे काम बघते आहे, कुठे कळलं तर मला कळवा. बाजारात दिसले तर हाक मारा, मीही मारीन."

सगळ्यांनी वाचल्याच्या निळ्या खुणा लगेच उमटल्या. उत्तर मात्र कुणाचंच नाही. पाच वाजले.

विजयकुमार सरांनी लिहिलं: "शिवकन्याताई, धन्यवाद. सगळ्यांचं वाचून झालं का? नियमाप्रमाणे आता काढावं लागेल."

"न्हाई सर," नरसिंगने लिहिलं, "मी वाचून राहिलो अजून."

"माझंही वाचायचंय," संगिता.

हमालांनी आळीपाळीने लिहिलं, आमचं वाचायचं राहिलंय. त्यातल्या एकाला तर वाचताच येत नव्हतं, त्याने आवाज भरून पाठवला: "सर, मी बी वाचून राहिलो."

शेवटी बालाजी: "सर, मला ताईंचं अक्षर लावायला लई टाइम लागतो. आज काही व्हत न्हाई."

सरांच्या नावाखाली बराच वेळ 'टाइप करत आहेत' असं दिसत राहिलं. मग आलं: "ठीक आहे. सावकाश वाचा. सोमवारी बघू."